आरपार धोंडा

तुळजापूर,
भाद्रपद वद्य दशमी

चि. बाळीस,
आबाचे अनेक आशीर्वाद.

देवी परवाच निजायला गेली. नवरात्रापर्यंत गावात जरा शांतता आहे, पुढे बोलायलाही फुरसत व्हायची नाही. म्हणून आज बसलो लिहायला. फोनवर तू बोललीस ते मी नीट ऐकलं, पण तुझी आई मधेच म्हणाली, “सोडा हो आबा, काही झालं नाही ना!” आणि तू गप्प झालीस. ते गप्प होणं माझ्या ध्यानात राहिलं.

तू सांगितलंस ते मला समजलं ते असं. साइटवर काँक्रीटची गाडी येऊन उभी होती. कॉलम आणि बीम जिथं मिळतात तिथल्या रिंगा जवळजवळ घालायला पाहिजेत, त्या फिटरनं दोन-तीन जागी सोडल्या. तिथं हात जात नाही, सळयांची गर्दी असते, कंटाळवाणं काम. तुला दिसलं, पण गाडीवाला ओरडत होता, साहेब फोन करत होते, आणि तू तपासणीच्या कागदावर सही केलीस. आता सगळं काँक्रीटच्या पोटात गेलं. इमारत उभी आहे, उद्याही उभी राहील. मग मनाला का लागतंय, असा तुझा सवाल.

बाळे, मी आयुष्यभर गवंडीकाम केलं हे तुला माहीत आहे. पण तुझी पणआत्या, माझी थोरली आक्का, भूकंपात गेली एवढंच घरात सांगितलं जातं. ते घर मी बांधलं होतं, हे कुणी सांगत नाही. मीच सांगू दिलं नाही.

आपल्या भागातली जुनी दगडमातीची भिंत तू पाहिलीस. अडीच-अडीच फूट रुंद. बाहेरून वाटतं, किल्लाच आहे. पण ती एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरच्या अंगाचे दगड वेगळे, आतल्या अंगाचे वेगळे, आणि मधी चिपा, खडी, चिखल यांची भर. या दोघींना एकत्र बांधून ठेवायला मधूनमधून एक लांब दगड घालावा लागतो, ज्याचं एक तोंड बाहेर दिसतं आणि दुसरं आत. आम्ही त्याला आरपार धोंडा म्हणायचो. माझ्या वस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं : उभ्यात दोन फुटांवर, आडव्यात चार फुटांवर, एक आरपार. नाहीतर पाणी मुरून मधली भर फुगती, भिंतीचं पोट सुटतं, आणि एक दिवस दोन्ही अंगं दोन दिशेला जातात.

आक्काचं घर मी १९८१ साली बांधलं. तेव्हाच्या उमरगा तालुक्यात तिचं सासर, गावाचं नाव लिहीत नाही. कमरेपर्यंत मी आरपार धोंडे बरोबर घातले. त्याच्या वर नाही घातले. का, तर अडीच फुटी काळा दगड खाणीतून मिळवायचा, गाडीत घालून आणायचा आणि माचाणावर दोघांनी चढवायचा, याला येळ लागतो. इकडं तुळजापुरात एका बड्या घराचं काम माझी वाट पाहत होतं, रोजी चांगली होती आणि मृग तोंडावर आला होता. दाजी काही बोलले नाहीत, त्यांना त्यातलं काय कळणार? बहिणीचं घर, म्हणून कुणी तपासायचा प्रश्नच नव्हता. खरं सांगायचं तर तेच मला सोयीचं वाटलं.

वर माळवद. तुळया, त्यावर किलचन, पाला आणि वर पांढरी माती. आधी फूटभर होती. दर पावसाळ्याच्या आधी लोक गळती थांबवायला आणखी माती टाकतात, जुनी कोण काढतो? दहा-बारा वर्षांत वर डोंगर होतो. उन्हाळ्यात घर गार, त्यामुळं सगळे खूश.

१९८८च्या भाऊबीजेला गेलो तेव्हा मागच्या भिंतीला पोट आलेलं दिसलं. ओळंबा सोडून पाहिला, दोन बोटं भिंत बाहेर. आक्का म्हणाली, “पडंल का रं?” मी म्हटलं, “पुढच्या वर्षी बघू,” आणि वरून चिखलाचा गिलावा मारून दिला. छान दिसायला लागली. १९९२च्या दिवाळीच्या सुमारास किल्लारीकडं धक्के बसायला लागले, तेव्हा तिनं निरोप धाडला होता की रात्री माती पडती. मी गेलो नाही. काम होतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक उशिरा निजलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी होती. इथं तुळजापुरात भांडी पडली, आम्ही सगळे रस्त्यावर आलो. उजाडता उजाडता बातमी लागली आणि मी मिळेल त्या गाडीनं निघालो. तिथं काय पाहिलं ते सगळं लिहीत नाही. आक्का आणि तिचा धाकटा, दोघं गेली. दाजी शेतावर होते म्हणून राहिले. त्या पहाटे हजारो माणसं अशीच गेली, निजल्या जागी, दगडाखाली.

पण एक गोष्ट लिहितो, कारण ती तुझ्या कामाची आहे. आक्काच्या घराची मागची भिंत कमरेपर्यंत उभी होती. नेमकी कमरेपर्यंत. तिथून वरचं बाहेरचं अंग गल्लीत पडलेलं, आतलं अंग बाजेवर, आणि त्याच्यावर माळवदाची माती. जिथपर्यंत मी धोंडे घातले होते तिथपर्यंत भिंत आणि जिथं सोडले तिथून ढिगारा. कुणीतरी खडूनं रेघ मारून दाखवावी तसं.

लोकांनी समजूत घातली. भूकंप काय तुझ्या हातात होता का? देवीची मर्जी. दाजींनी तर एका शब्दानं बोल लावला नाही, उलट मलाच पाणी पाजलं. आणि समजूत खोटी नव्हती. वरच्या मातीचा भार मी टाकला नव्हता. धोंडे घातले असते तरी भिंत उभी राहिली असती अशी शपथ मी घेऊ शकत नाही. किती तरी घरांत लाकडी खांबांवर माळवद तसंच तरलं आणि भिंती तेवढ्या आत पडून माणसं मेली. त्यामुळं आक्का माझ्यामुळं गेली, असं मी म्हणत नाही. पण तिच्या अंगावर पडलेली भिंत माझी होती.

आता नीट ऐक. आपल्या भाषेत याला निरनिराळे शब्द आहेत आणि ते उगीच नाहीत. पाऊस पडला नाही, गडी मेला, बैल गेला, की होते ती हळहळ. तिच्यात आपला हात नसतो. आक्काकडं आणखी दोनदा जायला पाहिजे होतं, ही रुखरुख. आणि वरच्या थरात धोंडा घातला नाही, हा पस्तावा. पहिली दोन सोबत घेऊन माणूस जगतो, काळानं ती बोथट होतात. पस्ताव्याचं तसं नाही. तो जागा दाखवतो : हा थर, हा हात, ही सबब.

मी मात्र पहिली काही महिने त्याची जागा बघायचं टाळलं. मीच वाईट, मीच पापी, असं करत बसलो. थापी धरली नाही. तुझी आजी एका रात्री वैतागून म्हणाली, “तुम्ही पापी हायसा म्हणून रडताय, का त्या तुळजापुरातल्या घराचं कुणाला सांगावं लागंल म्हणून?” बाई शिकलेली नव्हती, पण बरोबर जागी बोट ठेवायची.

कारण त्याच वर्षी, त्याच घाईत, तेच हात घेऊन मी ते बडं घर बांधलं होतं. तिथंही वरच्या थरांत धोंडे कमी. ते घर धड उभं होतं. मालक मला रस्त्यात भेटला की म्हणायचा, “तुमची भिंत, चिराही हलला नाही!” आक्काच्या घरासाठी मी रात्र रात्र जागत होतो आणि या घराचं कौतुक ऐकून घेत होतो. चूक तीच. एक भिंत किल्लारीच्या अंगाला होती, दुसरी पन्नासेक किलोमीटर अलीकडं. एवढाच फरक, आणि त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. तुझा सवाल इथंच सुटतो बघ. काही झालं नाही, यानं तू केलेलं बदलत नाही. आणि झालं असतं, तरी तू केलेलं तेवढंच राहिलं असतं. फरक एकच : जिथं काही झालेलं नसतं, तिथं अजून हात घालता येतो.

१९९४ला सरकारचं पुनर्वसनाचं काम सुरू झालं. जागतिक बँकेचं कर्ज होतं. त्यात पडकी गावं नवी बांधण्याबरोबर उभी घरं मजबूत करायचाही भाग होता, आणि आम्हा गवंड्यांना शिकवायला लोक आले. उभ्या भिंतीत धोंडा कसा घालायचा, तर एकेक दगड हलक्या हातानं काढत आरपार भोक पाडायचं, दोन्ही तोंडांना रुंद, मधी अरुंद. दोन्ही टोकं वाकवलेली सळई आत ठेवायची, काँक्रीट भरायचं, आठ-दहा दिवस पाणी मारायचं. तोच झाला धोंडा. आणि माळवदावरची जादा माती उतरवायची. गावागावांत लोकांनी मात्र भिंतीला हात लावू दिला नाही, त्या पैशात पत्र्याची नवी खोली घातली. त्यांना नावं ठेवत नाही. दगडाखाली निजायची भीतीच बसली होती.

मी मालकाकडं गेलो आणि सांगितलं, तुमच्या भिंतीत वरती धोंडे नाहीत. तो आधी हसला, मग चिडला. तेरा वर्षांनी सांगतोस? पैशे काढायचा धंदा का? मी म्हटलं, मजुरी नको, सिमेंट तेवढं तुम्ही आणा. आठवडाभर त्यानं तोंड दाखवलं नाही. मग त्याच्या आईनं बोलावून घेतलं. पहिलं भोक पाडलं तेव्हा मधली भर हातावर भसाभसा गळाली, म्हातारी बघतच राहिली. अठ्ठावीस भोकं पाडली, एकवीस दिवस लागले, आणि वरची माती टोपल्यांनी उतरवली. काम झाल्यावर मालकानं चहा दिला, पण पुन्हा कधी काम दिलं नाही. त्यानं चारचौघांत सांगितल्यामुळं आणखी दोन कामं गेली. तुझ्या आजीनं त्या वर्षी पाटल्या मोडल्या. हे तुला सांगितलं पाहिजे, नाहीतर तुला वाटेल, खरं सांगितलं की सगळे पाठ थोपटतात.

आणि त्यानं आक्काचं ओझं हलकं झालं का? नाही. अजून गणपती बोळवून आलो की मला झोप लागत नाही. पण त्या घरावरून जाताना मान खाली घालावी लागत नाही.

तुझी सही कागदावर आहे. काँक्रीटच्या आत सळया कुठं आहेत ते दाखवणारं यंत्र निघालंय, असं तूच मागं मला सांगितलं होतंस. कुठले कॉलम, कुठला मजला, कुठली तारीख, ते आज रात्रीच वहीत लिहून काढ, कारण चार दिवसांनी मन स्वतःच आकडे कमी करायला लागतं. सोमवारी साहेबाला तोंडी नको, लेखी दे. तो चिडंल. कदाचित नोकरीवर येईल. आईला मी समजावतो.

नवरात्रात रजा मिळाली नाही तरी चालंल, अश्विनी पौर्णिमेला ये. ते घर अजून उभं आहे. मागच्या भिंतीवर गिलाव्यातून अठ्ठावीस गोल डाग दिसतात. टेप घेऊन ये, दोन डागांतलं अंतर मोजून दाखव मला, कारण एका जागी माझं चार फुटाच्या वर गेलंय असा मला संशय आहे.

तुझा,
आबा