दोनातून आठ

नागपूरच्या महापालिका शाळेतल्या चौथीच्या एखाद्या बाई डोळ्यांसमोर आणू. वह्या तपासताना त्यांना ५०२ वजा १७८ या गणितापुढे वर्गात बऱ्याच ठिकाणी ४७६ लिहिलेले दिसते. बरोबर उत्तर ३२४. मुलांचा पाया कच्चा, एवढे म्हणून कृतिसंशोधनाचा विषय ठरवता येतो आणि अहवालही लिहून होतो: पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, गुण वाढले. आपल्याकडे बहुतेक अहवाल असेच बेतलेले असतात, आणि उत्तरचाचणीत पुष्कळदा तीच गणिते परत दिलेली असतात.

पण ४७६ आले कुठून? पाचातून एक चार. शून्य आणि सात, म्हणून सात. दोन आणि आठ, म्हणून सहा. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केले आहे. बाईंनी विचारले तर एखादा पोरगा सरळ सांगेल, "मॅडम, तुमीच त सांगलं होतं, मोठ्यातूनच लहान जाते." दुसरीत त्याला असे शिकवले होते हे खरेच. म्हणजे चूक वहीत दिसली, तरी शोधायची आहे फळ्याजवळ.

कर्ट लेविनने १९४६ साली कृतिसंशोधनाची मांडणी केली तेव्हा त्यात योजना, कृती आणि परिणामाची तपासणी यांच्या फेऱ्यांमागून फेऱ्या होत्या. स्टीफन कोरीने १९५३ च्या आपल्या पुस्तकातून ती शाळेत आणली. यातला 'फेऱ्या' हा शब्दच आपण सोडून दिला.

पहिल्या फेरीत बाई 'मोठ्यातूनच लहान जाते' हे वाक्य सोडतात. काड्यांचे दशकाचे गठ्ठे आणि शंभराचा मोठा गठ्ठा आणतात, सुटी काडी कमी पडली की गठ्ठा सोडायचा. पंधरा दिवसांनी त्या गणितासोबत निराळे आकडेही देऊन पाहतात. ४७६ सारखी उत्तरे जवळपास नाहीशी होतात. पण त्यांच्या जागी नवी चूक दिसते. ५०२ वजा १७८ साठी ३३४! शतकाकडून उसने घेतले, शून्याचे दहा झाले, एककाचे बारा झाले. पण त्या दहातले एक दशक एककाला दिले, म्हणून नऊच उरायला हवेत, हे निसटले. फक्त गुण मोजले असते तर ही चूकही 'अजून कच्चा' या खात्यात जमा झाली असती. उत्तरांचे प्रकार वेगळे मांडले म्हणूनच ती दिसते.

दुसऱ्या फेरीचा प्रश्न आता बारीक होतो: काडीची प्रत्येक हालचाल लगेच वहीत उतरवली तर ३३४ जाईल का? शंभराचा गठ्ठा सोडून दहा दशके, त्यातले एक सोडून दहा सुट्या, मागे नऊ. प्रत्येक टप्प्याला पेन्सिल थांबते. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दोन फेऱ्या दिवाळीपर्यंत बसतात, तिसरी खेचून आणावी लागते.

हे सारे एका वर्गापुरते. दुसऱ्या शाळेत ४७६ ऐवजी काय उगवेल, ते तिथल्या वह्याच सांगतील. बाईंच्या टेबलावर मात्र आता दोन ढीग आहेत, एक ४७६ वाल्यांचा आणि एक ३३४ वाल्यांचा, आणि दुसऱ्यात एक वही अशी आहे, की तिच्यात ३४४ लिहिले आहे.