कामापुरता मामा

गेल्या वर्षी पुण्यातली नोकरी गेली, तेव्हा मी बाभुळगावला घरी आलो आणि अंगणात बसून दहा नावांची यादी केली. ज्यांच्याशी कधीकाळी रोजचं बोलणं होतं आणि आता तीनेक वर्षं एक शब्दही नाही, अशी माणसं. दहाचा आकडा आणि तीन वर्षांची अट माझी नव्हे. डॅनियल लेविन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निगन या तिघा अभ्यासकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नोकरी सांभाळून एमबीए करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितलं, की निदान तीन वर्षं ज्यांच्याशी संपर्क नाही अशांना गाठा आणि हातातल्या कामाबद्दल सल्ला विचारा. बहुतेकांच्या पोटात गोळा आला. पण मिळालेला सल्ला रोजच्या सहकाऱ्यांपेक्षा कमी उपयोगी नव्हता आणि नवा जास्त होता. कारण सोपं आहे. रोजचे लोक आपल्याला माहीत असलेलंच सांगतात. दुरावलेला माणूस मधल्या वर्षांत वेगळं जग पाहून आलेला असतो आणि जुना विश्वास मात्र बराचसा शाबूत असतो.

त्यांनी दहा नावं पसंतीच्या क्रमाने लावायला सांगितली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दहाव्या क्रमांकाचा माणूसही पहिल्याइतकाच कामाचा निघत होता. म्हणजे आपण जो क्रम लावतो तो उपयोगाचा नसतोच, तो आपल्या संकोचाचा असतो. माझ्या यादीतही वर होते ते बरोबरीचे, हसतखेळत बोलता येईल असे. आणि तळाशी होती पहिल्या नोकरीतली एक वरिष्ठ बाई, जिच्याशी बोलताना मी तेव्हाही अडखळायचो. मी तिलाच आधी लिहायचं ठरवलं.

आता लिहायचं काय? पहिला मसुदा होता, ‘हाय मॅडम, कशा आहात? बरेच दिवस बोलणं नाही.’ तो पुसला. असा निरोप आला की समोरचा माणूस वाट बघत बसतो, की आता मागणी कधी येणार. शिवाय हल्ली चोरलेल्या खात्यांवरून पैसे मागणारेही नेमकं असंच सुरू करतात. म्हणून मी असं लिहिलं: ‘मॅडम, मी बाभुळगावचा, ज्याच्या चुकीने एका शुक्रवारी रात्री बिलिंग बंद पडलं होतं आणि तुम्ही पहाटे तीनपर्यंत सोबत बसला होता. माझी नोकरी गेली आहे, म्हणूनच आज लिहितोय. तुमच्या क्षेत्रात माझ्यासारख्याने कुठे अर्ज करावा, एवढंच विचारायचं आहे. वेळ नसेल तर उत्तर दिलं नाही तरी चालेल.’ त्या बिलिंगच्या आठवणीने मी खरा मीच आहे हे पटतं, गरज लपलेली राहत नाही, आणि प्रश्न दोन ओळींत उत्तर देण्याजोगा आहे. उत्तर संध्याकाळी आलं.

आपल्याकडे अशा संपर्काला ‘कामापुरता मामा’ म्हणतात आणि ते म्हणताना तोंड कडू होतं. मला वाटतं, त्यातला दोष कामाचा नाही, मामा म्हणण्याचा आहे. कामासाठी आलो असं सांगून येणारा फसवत नाही. आधी प्रेमाची चौकशी करून तिसऱ्या निरोपात मुद्द्यावर येणारा फसवतो, कारण समोरच्याने त्या प्रेमाला खरं उत्तर दिलेलं असतं. (संक्रांतीचे फॉरवर्ड मी संपर्कात धरतच नाही. ते सगळ्यांना गेलेले असतात, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं.)

इथवर सगळं ठीक होतं. पण यादी करताना एका नावावर बोट थांबलं होतं आणि मी ते लिहिलं नव्हतं. इथेच, गावात राहणारा शाळेतला मित्र. नोकरीसाठी त्याचा काही उपयोग नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हा आमच्या घरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची फी भरायला पैसे नव्हते. त्याने आठ हजार दिले होते. कपाशी त्याच्याही घरची गेली होती. पहिला पगार आला की देईन म्हणालो. पहिल्या पगारात पुण्याचं डिपॉझिट गेलं, दुसऱ्यात बाबांचं कर्ज, आणि मग उशिराचीच लाज वाटायला लागली. घरी आलो तरी त्याच्या गल्लीतून जाणं टाळायचो.

त्या अभ्यासातली माणसं बदली, लग्न, नवं शहर अशा कारणांनी दुरावलेली होती. तिथे विश्वास आपोआप टिकतो. आमचा अबोला तसा नव्हता. एकाच्या नजरेत तो नुसता अबोला असेल, दुसऱ्याच्या नजरेत थकबाकी. मग जुन्या विश्वासावर मी हक्क कसा सांगणार? निदान इतकं ठरवलं, की याच्याकडे जाताना दुसरं कुठलंच काम सोबत न्यायचं नाही. माफी आणि मागणी एका निरोपात आली की माफी हप्त्यासारखी दिसते.

सोपा मार्ग होता फोनवरून पैसे पाठवून देण्याचा. दोन मिनिटांचं काम. पण न बोलता आलेले पैसे म्हणजे ‘आता आपला संबंध संपला’ असं सांगणंच. व्याज धरून दहा-बारा हजार द्यावेत असंही मनात आलं. मग त्याने सावकारी केल्यासारखं झालं असतं. पत्र लिहावं, तर त्यात माझंच रडगाणं जास्त होत होतं. निरोप पाठवायलाही अडचण होती. बंद पडलेला मोबाइल नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. इतक्या वर्षांनी तो नंबर त्याचाच असेल कशावरून? देण्याघेण्याची गोष्ट परक्याच्या फोनवर जायला नको.

लारा ॲक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ साली दाखवलं, की जुन्या मित्राशी बोलायची इच्छा आहे, नंबर आहे, वेळही दिलेला आहे, तरी निरोप पाठवणारे एक तृतीयांशाहून कमी निघतात. मी तर ज्याचं घर पाच मिनिटांवर होतं तिथे जायला अकरा दिवस घेतले.

तो बैलांना पाणी दाखवत होता. मला पाहून म्हणाला, “काहून बे, आज कसा काय इकडे?” मी उभ्यानेच सांगितलं, की तुझे आठ हजार द्यायचे राहिले, आणि तेवढ्यासाठी मी तुला टाळत होतो. पाकीट पुढे केलं. त्याने ते घेतलं, न मोजता खिशात घातलं. नको म्हणाला नाही, याचं मला बरं वाटलं.

चहा झाल्यावर मी विचारलं, “वीसच्या लॉकडाऊनमध्ये तुझे दोन मिस्ड कॉल होते. तेव्हा पैशाची अडचण होती का?” तेव्हा ते पाहून मी फोन पालथा ठेवला होता.

“पैशाची?” तो म्हणाला. “नाही बाप्पा. पुण्यातली पोरं आणायले गाडी चालली होती गावातून. पास निघला होता. एक सीट खाली होती.”

त्या मे महिन्यात मी खोलीत एकटाच होतो. जून संपता संपता घरी पोचलो.

“मग कोण आलं त्या सीटवर?” मी विचारलं.

“खालीच आली,” तो म्हणाला, आणि बैल बांधायला उठला.