आधी मूळ कागद दाखवा

बसा सगळे. दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ आज ठेवू नका, असं केंद्रप्रमुखांना मीच सांगितलं. तो वेळ मला तुमच्याशी बोलायला हवा आहे, आणि मी जे बोलणार आहे ते कानाला गोड लागणार नाही.

या कार्यशाळेसाठी तुम्ही प्रत्येकाने वर्गात वापरलेलं साहित्य पाठवलंत. कृतिपत्रिका, तक्ते, परिपाठाचे कागद. मी ते ओळ न ओळ वाचलं. मांडणी सुबक आहे, मेहनत दिसते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही माहिती घेतली कुठून, हे बहुतेक कागदांवर लिहिलेलंच नाही. काहींनी खाली ‘स्रोत : गूगल’ असं लिहिलंय. गूगल हा स्रोत होत नाही, बाई. कुठल्या पानावर काय आहे एवढंच तो दाखवतो. ते पान कोणी लिहिलं आणि त्याला ते कुठून कळलं, हे तुम्ही पाहायचं असतं. तेच कोणी पाहिलेलं नाही.

एकच उदाहरण घेते, कारण ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कागदांत आहे. दिनविशेष, २ फेब्रुवारी. ‘१८३५ साली या दिवशी लॉर्ड मेकॉलेने ब्रिटिश संसदेत भाषण केलं. तो म्हणाला, मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही. इतकी श्रीमंती आणि इतकी नीतिमत्ता असलेला देश जिंकायचा तर त्याचा कणा मोडला पाहिजे, म्हणून त्यांची शिक्षणपद्धती बदला.’ परिपाठाला एक पोर हे माइकवर वाचतं, बाकीची पोरं वहीत उतरवून घेतात. आठवीच्या एका तक्त्यावर तर हे जुन्या पिवळ्या कागदासारख्या चित्रात छापलंय. जुनं दिसलं म्हणजे खरं, असं कोणी ठरवलं?

हे भाषण झालेलंच नाही.

कुजबुज नको. मी सांगते म्हणूनही मानू नका. हे कसं कळतं ते बघा, ती रीत शिकायलाच तुम्ही आला आहात.

पहिली चूक शोधण्याच्या शब्दांतच होते. तुम्हाला ही गोष्ट कोणीतरी फोनवर पाठवलेली असते. शंका आलीच, तर तुम्ही तेच वाक्य शोधचौकटीत घालता.

```
मेकॉले भारतात एकही भिकारी नाही भाषण
```

मग काय येणार? ते वाक्य ज्यांनी ज्यांनी छापलंय ती पानं येणार. शोधयंत्र तुमच्या शब्दांशी जुळणारी पानं आणून देतं, तुमचं वाक्य खरं की खोटं याचा निवाडा ते करत नाही. तुम्ही वर आलेली चौकट वाचता, खाली पानंच पानं दिसतात, आणि म्हणता, इतके जण लिहितात म्हणजे असणारच. ती पानं उघडा जरा. सगळीकडे तीच तारीख, तीच वाक्यं, तोच क्रम, तेच चित्र. ते पन्नास साक्षीदार नाहीत, एकाच कागदाच्या पन्नास नकला आहेत. नक्कल ओळखायची खूण ही, की तिच्यात मूळ कागदाचा पत्ता नसतो. कुठल्या सभागृहात, कुठल्या ग्रंथाच्या कितव्या पानावर, यातलं काहीही तिथे सापडत नाही. सापडतं ते फक्त ‘मेकॉले म्हणाला’.

म्हणून वाक्य शोधू नका. ते वाक्य खरं असेल तर ते ज्या कागदात असायला हवं, तो कागद शोधा. संसदेतलं भाषण म्हणता ना? मग संसदेच्या कामकाजाची नोंद हवी. ब्रिटिश संसदेतल्या चर्चांची नोंद ‘हॅन्सार्ड’ म्हणून छापली जाते आणि १८०३ पासूनची जुनी नोंद फुकट वाचायला ठेवलेली आहे. पत्ता फळ्यावर लिहिलाय, वहीत घ्या.

```
api.parliament.uk/historic-hansard
```

तिथे वर्ष निवडायचं, मग महिना, मग दिवस. १८३५ चा फेब्रुवारी उघडा. २ तारखेला काहीही नाही, कारण त्या दिवशी संसदच भरलेली नव्हती. १८३४ च्या डिसेंबरअखेर ती विसर्जित झाली, मग निवडणूक झाली, आणि नवी संसद १९ फेब्रुवारीला बसली. एवढं बघायला इतिहासाची पदवी लागत नाही. तारखेवर बोट ठेवायचं फक्त.

आता दुसरी बाजू बघा. त्या दिवशी मेकॉले कुठे होता? विश्वकोश घ्या नाहीतर कुठलंही धड चरित्र घ्या. १८३४ साली खासदारकी सोडून तो भारतात आला, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून, आणि १८३८ साली परत गेला. बोटीने जायला महिने लागायचे त्या काळात. कलकत्त्यात बसलेला माणूस लंडनच्या संसदेत भाषण कसं करील? आणि ‘लॉर्ड’ तरी तो कुठे होता? ती पदवी त्याला १८५७ साली मिळाली. माणूस, जागा आणि तारीख, ही तिन्ही एकत्र जुळतात का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. तुम्ही ती दिली नाहीत. चित्र रंगवायला तासभर दिलात.

मग २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आली कुठून? ती खरी आहे, आणि फसायला होतं ते इथेच. त्या तारखेला मेकॉलेने कलकत्त्यात शिक्षणावर एक टिपण लिहिलं. इंग्रजीत त्याला ‘मिनिट’ म्हणतात. म्हणजे खऱ्या तारखेला खोटं भाषण चिकटवलंय. आता ते टिपण शोधायचं तर शोधशब्द बदलावे लागतात. मराठीत शोधलंत तर पुन्हा त्याच नकला समोर येतील. कागद इंग्रजीत लिहिलेला आहे, तेव्हा इंग्रजीत शोधा आणि संपूर्ण मजकूर मागा.

```
Macaulay Minute on Education 2 February 1835 full text
```

तरीही पसारा फार वाटला, तर शोध एखाद्या विद्यापीठाच्या संकेतस्थळापुरता बांधून घ्या. कोलंबिया विद्यापीठाने हे टिपण अभ्यासासाठी पूर्ण ठेवलंय.

```
site:columbia.edu Macaulay minute education 1835
```

`site:` च्या पुढे मोकळी जागा सोडायची नाही, सोडलीत तर शोध बांधला जात नाही. पान उघडलं की खाली कुणाचा आधार दिलाय ते आधी बघा. हे टिपण एच. शार्प यांनी संपादित केलेल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या संग्रहात १९२० साली कलकत्त्याला सरकारी छापखान्यात छापलं गेलं. म्हणजे पडद्यामागे एक पुस्तक आहे, ज्याचं पान उलटून कोणालाही खात्री करता येते. कागदाचा पत्ता म्हणतात तो याला.

पूर्ण टिपण आत्ता वाचायला वेळ नाही, मान्य. फोनवर ब्राउझरच्या तीन टिंबांत पानातला शब्द शोधायची सोय असते. आधी `shelf` टाका. सापडेल. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयातलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे, असं तो लिहितो, तिथे हा शब्द आहे. मग त्या भाषणातला कण्यासाठीचा शब्द, `backbone`, टाका. सापडणार नाही. हा क्रम उलटा करू नका. पुष्कळ जुनी पुस्तकं नुसती फोटो काढून चढवलेली असतात, त्यांत अक्षरं नसतातच, चित्रं असतात. अशा पानात कुठलाही शब्द शोधलात तरी ‘नाही’ असंच येतं, आणि तुम्ही म्हणाल, बघा, इथे नाही. म्हणून जो शब्द आहे हे ठाऊक आहे तो आधी सापडतो का ते बघायचं. तो सापडला तरच पुढच्या ‘नाही’ला किंमत. फोटोचं पान असेल तर डोळ्यांनी वाचायचं, त्याला दुसरा उपाय नाही.

काल एका सरांनी मला फोनवर विचारलं, मॅडम, मेकॉले वाईटच होता ना, मग एक वाक्य इकडचं तिकडे झालं तर काय बिघडलं? बिघडतं, सर. खरं टिपण वाचा म्हणजे कळेल. त्यात तो कबूल करतो, की आपल्याला संस्कृतही येत नाही आणि अरबीही येत नाही. आणि तरीही आमचं सगळं वाङ्मय तो एका फडताळाखाली टाकतो. रक्ताने भारतीय पण आवडीनिवडीने आणि विचाराने इंग्रज, असा एक वर्ग घडवायचा, हेही त्यात आहे. वाद पैशाचा होता. १८१३ च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये ठेवले होते, ते संस्कृत-अरबीवर घालायचे की इंग्रजीवर? ७ मार्च १८३५ ला गव्हर्नर जनरल बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने ठराव केला. शिकवायला एवढं सगळं भरभक्कम हातात असताना तुम्ही मुलांना काय दिलंत? भारताची तोंडभरून स्तुती करणारा मेकॉले दिलात! जो माणूस आमच्या वाङ्मयाला तुच्छ मानत होता, त्याच्या तोंडी आमच्या नीतिमत्तेचं कौतुक घातलंत. मजकूर त्या माणसाच्या इतर लिखाणाशी जुळतो का, एवढंही कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

आणि त्या मुलाचा विचार करा. आपल्या गावात त्याच्या घरी कदाचित एकही पुस्तक नाही. शाळेत जे कानावर पडलं तेच त्याचं भांडवल. उद्या तालुक्याच्या कॉलेजात तो हे भाषण ठामपणे सांगेल, आणि तिथे कोणीतरी चारचौघांत त्याला खोटं पाडेल. ती मान खाली तुमच्यामुळे जाईल. त्याने तुमच्यावर विश्वास ठेवला होता. गुरुजींनी सांगितलं, एवढं त्याला पुरलं होतं.

नेट चालत नाही, वेळ मिळत नाही, माहिती भरायची कामं संपत नाहीत, हे सगळं मला माहीत आहे. मीही याच जिल्ह्यात नोकरी करते. पण ज्या नेटवर ते चित्र उतरवता आलं, त्याच नेटवर हॅन्सार्डचं पान उघडतं, आणि त्यात नुसती अक्षरं असल्याने ते चित्रापेक्षा लवकर उघडतं. वेळ नसेल तर दिनविशेष कमी लिहा. रोज एक ओळ असू दे, पण तिचा कागद तुम्ही पाहिलेला असू दे. आणि कागद मिळाला नाही तर ती ओळ फळ्यावर जाणार नाही, मग ती कितीही आवडती असो.

आता कामाला लागू. तुम्ही पाठवलेले कागद टेबलावर आहेत, प्रत्येकाने आपापला उचलायचा. त्यातली तारीख किंवा आकडा असलेली एकच ओळ निवडा. ती खरी असेल तर कुठल्या कागदात असायला हवी, हे आधी पेनने लिहा. फोन त्यानंतर उघडायचा. नेटवर्क खिडकीच्या बाजूला बरं येतं, मागच्या रांगेने तिकडे सरका. जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येकाने मला मूळ कागदाचा पत्ता दाखवायचा, किंवा त्या ओळीवर काट मारून तो कागद माझ्या हातात द्यायचा. चला, सुरू करा.