श्रेय पावडरीचं की जुन्या मेहनतीचं?

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि जिमची कुलपं उघडायला ५ ऑगस्ट उजाडला. म्हणजे एकोणीस आठवडे. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या खानदेशी वस्त्यांतली पोरंही त्यात सापडली. लूम बंद पडले तशी बरीच जण जळगाव-धुळ्याकडे गेली. परतल्यावर दंड सैल झालेले, आणि पहिला प्रश्न असा की क्रिएटिन घेतलं तर जुनी ताकद लवकर येईल का? खंड कशानेही पडो, प्रश्न आजही तोच असतो.

मला त्याआधी दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. काहीच घेतलं नाही तर किती लवकर येते?

येते, आणि कमावताना लागला होता त्याहून बऱ्याच कमी वेळात. २०२४ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी काही जणांना दहा आठवडे व्यायाम, दहा आठवडे सुट्टी आणि पुन्हा दहा आठवडे व्यायाम असं चालवलं. सुट्टीत स्नायूंचा आकार घटला, ताकद त्या मानाने टिकली, आणि परतल्यावर गेलेलं बहुतेक पहिल्या पाच आठवड्यांतच भरून आलं. कारण काय? व्यायामाने स्नायूपेशीत वाढलेली केंद्रकं स्नायू आटल्यावरही शिल्लक राहतात, असं २०१० मध्ये नॉर्वेत उंदरांवर दिसलं. माणसात हे तितकं पक्कं ठरलेलं नाही. पण उचलण्याची लय मज्जासंस्था विसरत नाही, एवढं तर कुठलाही जुना खेळाडू सांगेल.

आता एक गडी धरू. टाळेबंदीपूर्वी तो शंभर किलोचा स्क्वॉट पाच वेळा मारायचा. परतल्यावर पहिल्या दिवशी त्याने पन्नास किलो घ्यावेत, आठ-आठचे दोनच सेट मारावेत आणि आणखी तीन-चार सहज निघतील अशा बेताने थांबावं. दर आठवड्याला पाच किलो वाढवले तरी दहा आठवड्यांत तो शंभराशी पोचतो. ही चाल स्नायूंसाठी नाही, स्नायुबंधांसाठी आहे. स्नायू झपाट्याने परततात, स्नायुबंध रेंगाळतात, आणि गुडघ्याची, खांद्याची दुखणी या तफावतीतून येतात. पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठायला गेलेल्याला तर कधीकधी दोन दिवसांनी चहाच्या रंगाची लघवी होते. स्नायू फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडावर आल्याची ती खूण आहे. तेव्हा घरी न थांबता दवाखाना गाठावा.

याच गड्याने पहिल्या दिवशी क्रिएटिनचा डबाही उघडला असता तर दहाव्या आठवड्याचं सगळं श्रेय डब्याला गेलं असतं. पहिल्या आठवड्यात वाढलेलं किलोभर वजन तो मांस समजला असता. ते बहुतांशी स्नायूत शिरलेलं पाणी असतं.

म्हणून तुलना लागते. २००१ मध्ये बेल्जियममध्ये निरोगी तरुणांचा एक पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवून नंतर दहा आठवडे व्यायाम दिला. क्रिएटिन घेणाऱ्यांचा स्नायू आणि जोर लवकर परतला. उलट २००४ मध्ये गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्यांना बारा आठवडे क्रिएटिन देऊनही ताकदीत फरक दिसला नाही. हा विरोध मला फारसा चकित करत नाही. सुजलेला, दुखरा गुडघा मांडीच्या स्नायूला पुरा जोर लावूच देत नाही. तिथे अडचण इंधनाची नसावी, असा माझा तर्क आहे.

क्रिएटिनचं काम इंधनाचंच. जोरकस हालचालीच्या पहिल्या काही सेकंदांत संपलेली ऊर्जा ते पुन्हा भरतं, म्हणून अवघड सेटच्या शेवटी एखाद-दुसरी उचल जास्त निघते. त्या जादा उचलींची बेरीज महिन्यांनी दिसते. पण आपला गडी पहिले तीन आठवडे मुद्दाम हात राखून उचलतो आहे. तिथे क्रिएटिनला वाव कमीच. उलट अंगात आलेल्या जोमाने त्याने घाई केली तर नुकसान.

सुरतेतल्या पुष्कळांना लागू पडणारा मुद्दा आहाराचा. शरीर रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन स्वतः बनवतं, बाकीचं मांस-मासळीतून येतं; दुधात ते नाममात्र. त्यामुळे माळकरी घरातल्या किंवा जैन पोराच्या स्नायूत साठा मुळातच कमी असतो आणि पूरक घेतल्यावर तो जास्त चढतो. कोल्हापुरात रोज मटण खाणाऱ्या पैलवानापेक्षा त्याला फरक जाणवण्याची शक्यता अधिक.

तेव्हा माझं मत असं. पाच-सात दिवस रोज वीस ग्रॅम घेण्याची गरज नाही. रोज तीन ते पाच ग्रॅम घेतलं तरी चारेक आठवड्यांत साठा भरतो, म्हणजे सेट खरोखर अवघड होऊ लागतात त्याच सुमारास. साधं मोनोहायड्रेट पुरे, महागड्या प्रकारांनी जास्त काही साधत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि रक्त तपासायला द्याल तेव्हा क्रिएटिन चालू आहे हे जरूर सांगा; अहवालातलं क्रिएटिनिन त्यामुळे थोडं वर दिसू शकतं.