वडील कुठे आहेत?

डिसेंबर 1984 मध्ये लेखिका गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांनी रिझर्व्ह बँकेकडे एक साधा अर्ज केला. अज्ञान मुलाच्या नावाने 9 टक्के व्याजाचे, वीस हजार रुपयांचे रिलीफ बाँड घ्यायचे होते. मुलाच्या पैशांचे व्यवहार आईने पाहायचे असे दोघांचे ठरले होते आणि अर्जात तसे स्पष्ट लिहिलेही होते. त्याप्रमाणे पालक म्हणून सही गीताबाईंनी केली. बँकेने कळवले की एकतर वडिलांच्या सहीचा अर्ज द्या, नाहीतर आई पालक असल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आणा.

यात नवरा-बायकोचे भांडण कुठेही नव्हते. उलट नवऱ्याने आपणहून लिहून दिले होते की हे काम हिनेच पाहावे. तरीही सही चालेना, कारण बँकेसमोर 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम होता. त्याचे कलम 6 सांगते की मुलाचे किंवा अविवाहित मुलीचे नैसर्गिक पालक वडील, आणि त्यांच्यानंतर आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे. म्हणजे रात्रीची जागरणे आईकडे आणि कागदावरची सही वडिलांकडे, ही वाटणी कायद्यानेच करून ठेवली. (याच कलमात विवाहित अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक म्हणून तिचा नवरा नेमलेला आहे. बालविवाहाला बंदी असलेल्या देशात हे वाक्य अजून छापले जाते.)

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वंदना शिवा यांची याचिकाही त्याच्या जोडीला ऐकली गेली. घटस्फोटाच्या दाव्यात त्यांच्या पतीने मुलाचा नैसर्गिक पालक आपणच, असा दावा केला होता. 17 फेब्रुवारी 1999 रोजी सरन्यायाधीश आनंद यांच्या पीठाने निकाल दिला. कलम रद्द केले तर संसदेचा शब्द मोडतो आणि तसेच ठेवले तर राज्यघटनेतली समानता मोडते, असा पेच होता. न्यायालयाने मधली वाट काढली. ‘वडिलांच्या नंतर’ याचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असा घ्यावा, असे त्याने सांगितले. वडील मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करत असतील, आजारपणामुळे किंवा दूर राहत असल्यामुळे त्यांना पालकत्व करता येत नसेल, किंवा दोघांच्या समजुतीने ते काम आईकडे असेल, तर वडील ‘अनुपस्थित’ धरायचे आणि आईची सही वैध मानायची. रिझर्व्ह बँकेने व तशाच संस्थांनी त्यानुसार आपली पद्धत बसवावी, असेही सांगितले.

निकालाचे तेव्हा मोठे कौतुक झाले आणि ते रास्तही होते. पण त्याने आईला मिळाले काय, हे नीट पाहिले पाहिजे. आई पालक आहे का, या प्रश्नाचे उत्तर आजही दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे: वडील कुठे आहेत? ते गैरहजर, बेफिकीर किंवा राजी असतील तर आई पालक. ते हजर असून नाही म्हणाले तर काय, याचे उत्तर निकालात नाही. वडिलांना मात्र आई कुठे आहे, असे कोणी विचारत नाही.

याची किंमत जमिनीच्या व्यवहारात सर्वांत स्पष्ट दिसते. दोन जुने खटले शेजारी ठेवून पाहू. पहिला आपल्याकडचा, विदर्भातल्या कूळकायद्यातून आलेला, जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान. 1970 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. वडील जिवंत होते, पण वर्षानुवर्षे वेगळे राहत होते आणि मुलीच्या जमिनीची सगळी व्यवस्था आईच पाहत होती. न्यायालय म्हणाले, असा बाप असून नसल्यासारखा, म्हणून आईने केलेला व्यवहार खरा. दुसरा 1993 चा, पन्नी लाल विरुद्ध राजिंदर सिंग. यात मुलांची जमीन आईने पालक म्हणून विकली होती आणि खरेदीखतावर वडिलांनी साक्षीदार म्हणून सही केली होती. घेणाऱ्याला वाटले, दोघेही आले, आता काय अडचण? पण न्यायालयाने उलट सांगितले. वडील साक्षीला येतात म्हणजे ते हजर आहेत, मग आई नैसर्गिक पालक कशी? शिवाय न्यायालयाची परवानगीही घेतलेली नव्हती. खरेदी मुळातच निरर्थक ठरली. म्हणजे वेगळ्या राहणाऱ्या बापाच्या बायकोची सही चालली, आणि बाजूला बसून सही करणाऱ्या बापाच्या बायकोची चालली नाही. 1999 नंतर ‘समजुतीने’ हा शब्द हाताशी आहे, पण निकालाचा परिणाम पुढच्या व्यवहारांपुरताच ठेवला गेला.

आपल्या सातबाऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून, म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून, पालकाचे नाव लागते. वडील वारले की वारस नोंदीच्या फेरफारात आईचे नाव तिथे बिनबोभाट चढते. अशा आईला वाटते की आपण आता हवे ते करू शकतो. तसे नाही. 1956 च्याच कायद्याच्या कलम 8 नुसार अज्ञानाची स्थावर मिळकत विकायला, गहाण टाकायला, बक्षीस द्यायला किंवा पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता नैसर्गिक पालकाने केलेली विक्री मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकते. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याला हे कलम लागू नाही, एवढाच अपवाद. ही परवानगी वडिलांनाही चुकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

शाळेचे चित्र वेगळे आहे. समजा नाशिकची एक बाई घटस्फोट न होता नवऱ्यापासून वेगळी राहते आणि सहावीतल्या मुलाला दुसऱ्या शाळेत घालू पाहते. ‘मिस्टरांची सही आणा’ असे तिला सांगितले जाते. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या व्याख्येत पालक म्हणजे वडील किंवा आई, तिथे आधी-नंतर नाही. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकाने लगेच द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही, हेही त्यात आहे. इथे आडवा येतो तो ऑफिसातला जुना छापील फॉर्म. कलमाचा आकडा घालून लेखी अर्ज द्यावा आणि प्रतीवर पोचशिक्का घ्यावा.

पासपोर्टचे नियम त्याहून शहाणे निघाले. दोघांची संमती असेल तर एक प्रतिज्ञापन, दुसऱ्याची मिळत नसेल तर एकट्या पालकाने स्वतःच्या जबाबदारीवर करायचे वेगळे प्रतिज्ञापन. डिसेंबर 2016 पासून अर्जात एकाच पालकाचे नाव दिले तरी चालते. त्याच्या आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईच्या प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले होते. पालकत्वाच्या अर्जाची नोटीस मुलाच्या वडिलांना काढलीच पाहिजे असे नाही, असे त्याने म्हटले. त्या बाईंना मुलाला बचत आणि विम्यात नामनिर्देशित करायचे होते, इतकेच. शिवाय धर्माने त्या ख्रिश्चन होत्या, त्यामुळे 1956 चा कायदा त्यांना लागूच नव्हता. त्यांचे काम 1890 च्या जुन्या पालक व पाल्य कायद्यावर अडले होते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात तर लहान मुलाचा ताबा आईकडे असला, तरी मिळकतीच्या पालकांच्या परंपरागत यादीत ती नाहीच.

आमच्याकडे नावाच्या बाबतीत मात्र उत्साह आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्राने ठरवला. चांगलेच झाले. पण कागदावर नाव आले म्हणजे त्याच कागदावर सही करता येते असे नाही, आणि कलम 6 ला राज्याच्या त्या निर्णयाने धक्काही लागत नाही.

विधी आयोगाने 1989 च्या 133 व्या आणि 2015 च्या 257 व्या अहवालात सांगितले की वडील पहिले ही भाषाच काढा आणि दोघांना बरोबरीने पालक करा. यावर नेहमीचा आक्षेप येतो, दोघांचे पटले नाही तर शेवटचा शब्द कोणाचा? जणू आज तो प्रश्न सुटलेलाच आहे. आजही भांडण झाले की जिल्हा न्यायालय किंवा कुटुंब न्यायालय 1956 च्या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे मुलाचे हित पाहून ठरवते, आणि त्या तागडीत वडिलांचा पहिला नंबर मुळीच निर्णायक नसतो. मिळकत विकताना तर दोघांपैकी कोणीही गेले तरी न्यायाधीशासमोर जावेच लागते, म्हणजे मुलाच्या जमिनीचे रक्षण वडिलांच्या सहीवर टिकलेले नाही. मग त्या पहिल्या नंबराचा उपयोग कुठे उरतो? बँकेच्या आणि निबंधकाच्या खिडकीवर, जिथे न्यायाधीश बसत नाही आणि आईला परत पाठवायला एक छापील ओळ पुरते.