सरांसमोर, सगळ्यांसमोर

जयपूरला गेलो की मुक्काम या मित्राकडेच असतो. नोकरीची शेवटची वर्षं त्यानं रामबाग सर्कलजवळच्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात काढली आणि निवृत्तीनंतर तो तिथंच राहिला. त्याची पुतणी सांगानेरच्या एका कापड निर्यात करणाऱ्या कंपनीत उत्पादनाचं नियोजन बघते. त्या संध्याकाळी ती आली तीच कपाळाला आठ्या घालून. झालेलं बोलणं जमेल तसं इथं उतरवलं आहे. मधे माझीही तोंडी लावणी आहेत.

पुतणी: काका, उद्या अकराला मिटिंग आहे. सरांनी ठरवलंय की निळीचा सगळा दाबूचा माल दहा ऑगस्टला निघणार. मला ते अशक्य वाटतंय. सगळ्यांसमोर तसं म्हणावं का?

काका: अशक्य का वाटतंय, ते आधी सांग.

पुतणी: बगरूला दाबू काय असतं, तुम्हाला माहीतच आहे. काळी माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचं पीठ असं मिश्रण ठशानं कापडावर लावतात. वर लाकडाचा भुसा भुरभुरवतात आणि कापड उन्हात टाकतात. ते खडखडीत वाळलं, तरच निळीच्या कुंडात बुडवता येतं. पावसाळ्यात ते वाळत नाही. वरून कोरडं वाटतं, पण बोट दाबलं की आत मऊ लागतं. तसंच कुंडात घातलं तर लेप सुटतो, नीळ आत शिरते आणि पांढऱ्या फुलाच्या कडा फुटतात. एकदा निळं झालेलं कापड परत पांढरं होत नाही.

मी: मग हे सरांना ठाऊक नाही?

पुतणी: ठाऊक आहे, पण ग्राहकाला तारीख देऊन बसलेत. आणि उद्या बगरूचे छपाईवाले उस्ताद येणार आहेत, क्वालिटीचे लोक असतील, हिशेबाचे असतील. एवढ्यांसमोर बोलले तर सरांना वाटेल, ही माझी इज्जत काढतेय.

काका: मग आत्ताच फोन कर ना. एकट्यात सांग.

पुतणी: तेच करणार होते. पण तुमच्या बँकेत काय करायचे?

मित्र हसला. हा प्रश्न त्याला मनापासून आवडतो हे मला ठाऊक होतं, कारण त्याच्या उत्तरासाठी त्याच्याकडे एक किस्सा कायम तयार असतो. पण तो खरा आहे आणि ऐकण्यासारखाही.

काका: आमच्याकडे व्याजदर ठरवायला 2016 पासून सहा जणांची पतधोरण समिती आहे. त्यातले तिघे बँकेचे: गव्हर्नर, एक डेप्युटी गव्हर्नर आणि एक अधिकारी. तिघे सरकारनं नेमलेले, बाहेरचे. प्रत्येकाला एक मत. बरोबरी झाली तरच गव्हर्नरांचं जादा मत. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त छापतात. कोणी काय मत दिलं आणि का दिलं, हे ज्याच्या त्याच्या शब्दांत, नावासकट. आता फेब्रुवारी 2018 ची बैठक घे. गव्हर्नर होते ऊर्जित पटेल. रेपो दर 6 टक्क्यांवर ठेवायचा, असं पाच जण म्हणाले. सहावे मायकेल पात्रा. ते तेव्हा बँकेचे कार्यकारी संचालक होते, म्हणजे गव्हर्नरांच्या हाताखालचेच. ते म्हणाले, पाव टक्का वाढवा. एप्रिलमध्येही तेच म्हणाले आणि पुन्हा एकटेच पडले.

पुतणी: मग?

काका: जूनमध्ये सहाच्या सहा जणांनी पाव टक्का वाढवला. दर सव्वासहा झाला.

पुतणी: म्हणजे पात्रा बरोबर होते.

काका: इथंच सगळे घाई करतात. त्याच वर्षाच्या शेवटी महागाई सुमारे 2 टक्क्यांपर्यंत उतरली आणि फेब्रुवारी 2019 मध्ये समितीनं दर कमी करायला सुरुवात केली. मग पात्रा चुकले होते का? तेही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्यांनी फेब्रुवारीत कारणं मांडली म्हणून उरलेल्या पाच जणांना एप्रिलमध्ये आणि जूनमध्ये ती समोर ठेवून विचार करावा लागला. एकट्या गव्हर्नरांना केबिनमध्ये कानात सांगून ते झालं नसतं.

मी: पण हे गोष्टीसारखं गोड आहे. त्याच फेब्रुवारी 2019 च्या बैठकीत नवे गव्हर्नर शक्तिकांत दास दर कमी करायच्या बाजूनं होते. डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य आणि बाहेरचे सदस्य चेतन घाटे विरोधात गेले. चार विरुद्ध दोन. पात्रा पुढे डेप्युटी गव्हर्नर झाले. आचार्य मात्र मुदत संपायच्या आधी काही महिने बँक सोडून शिकवायला परत गेले.

काका: हो, पण ते त्या मतामुळे गेले असं जोडू नका. मतं तर इतिवृत्तात सगळ्यांचीच होती. आचार्यांचं जे गाजलं ते ऑक्टोबर 2018 चं मुंबईतलं भाषण, बँकेच्या स्वायत्ततेवरचं. ते बैठकीच्या बाहेर, जाहीर सभेत होतं. बैठकीतलं मत आणि बाहेरचं भाषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची किंमत नेहमीच जास्त पडते.

पुतणी: काका, तुमच्याकडे कायदा आहे. तिथं विरोध करणं हे कामच आहे, न केलं तर लोक विचारतील. आमच्याकडे सर आहेत. इतिवृत्त वगैरे काही नाही, सर बोलतात तेच इतिवृत्त.

माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात नेमकं वाक्य हेच. समितीत मतभेदाला आधीच खुर्ची मांडून ठेवलेली असते. गव्हर्नरांना माहीत असतं की इथे पाच विरुद्ध एक होऊ शकतं, म्हणून त्यात अपमान वाटायचं कारण उरत नाही. साध्या कचेरीत ती खुर्ची नसते. ज्याला बोलायचंय त्यानंच ती आणायची, आणि आणताना साहेबाच्या पायावर पडणार नाही एवढं बघायचं.

काका: म्हणूनच म्हणतो, आज फोन कर. उद्या काही बोलूच नकोस.

पुतणी: आणि उस्ताद? त्यांचं काय? सर मिटिंगमध्ये म्हणतील, दहा तारीख, जमेल ना? ते मान हलवतील. सरांना नाही म्हणण्याची त्यांची प्राज्ञा नाही. आमच्याकडे खराब निघालेल्या कापडाचे पैसे कापले जातात, ते त्यांच्याच बिलातून. मी रात्री फोनवर सगळं बोलून मोकळी होईन आणि ते उद्या चारचौघांत हो म्हणून घरी नुकसान घेऊन जातील. मग माझ्या फोनचा आदर नक्की कोणासाठी?

काका थोडा वेळ काही बोलला नाही. मी मधे तोंड घातलं.

मी: सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. तीन रेषांपैकी कोणती समोरच्या रेषेएवढी लांब आहे, ते ओळखायचं. खोलीतल्या बाकीच्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की एकटा पडलेला माणूस साधारण एक-तृतीयांश वेळा त्यांच्या मागं जायचा. पण आणखी एकानं खरं उत्तर दिलं, तर हे प्रमाण झपकन खाली यायचं. उस्तादांना तसा एक माणूस हवा आहे. एकट्यात केलेल्या फोननं तो मिळत नाही.

काका: मान्य. पण ती अचानक बोलली तर सर कोंडीत सापडतील. कोंडीत सापडलेला माणूस तारीख बदलत नाही, आवाज बदलतो. मग उस्तादांचंही काही होणार नाही.

पुतणी: म्हणजे फोनही करायचा आणि बोलायचंही?

काका: हो. पण फोनवर परवानगी मागू नकोस. ‘सर, बोलू का?’ म्हणालीस की ते नाही म्हणतील आणि मग तू अडकलीस. म्हण, ‘सर, उद्या मी दाबू वाळण्याचा मुद्दा काढणार आहे, तुम्हाला आधी माहीत असावं म्हणून सांगते.’ रात्रभरात त्यांना वाटलं तर तेच उद्या म्हणतील, पावसाचं काय ते बघू. तसं म्हणाले तर तुझं काम झालं, श्रेय त्यांना घेऊ दे.

पुतणी: आणि म्हणाले, अजिबात काढायचा नाही तर?

इथं आम्ही दोघंही अडलो. खरा पेच हाच आहे आणि त्याला पुस्तकी उत्तर नाही. काका म्हणाला, मग गप्प राहा आणि लेखी कळव. मला ते पटलं नाही.

मी: ग्राहकाचा माणूस कॉलवर असेल तर गप्प राहा, हे मला मान्य. परक्यासमोर घरातली तारीख मोडायची नाही. पण खोलीत फक्त आपलीच माणसं असतील आणि त्यातल्या एकाचं नुकसान ठरतंय, तर सरांच्या ‘नाही’ला मर्यादा आहे.

पुतणी: उद्या ग्राहकाचा माणूस नाहीये. दुपारी आहे.

काका: मग बोल. पण सरांच्या निर्णयावर नको, उन्हावर बोल. ‘दहा तारीख चुकीची आहे’ असं नाही. ‘एका ठशाच्या थानाला वाळायला कोरड्या दिवसात इतका वेळ लागतो, मागच्या पावसाळ्यात इतका लागला, आपल्याला इतके कोरडे दिवस लागतील.’ आकडे तुझ्याकडे आहेत?

पुतणी: वहीत आहेत. उस्तादांकडेही आहेत, त्यांच्या डोक्यात.

काका: मग अर्धं त्यांना सांगू दे. तू विचार, ‘उस्तादजी, पिछले सावन में एक थान कितना टाइम लेता था?’ त्यांनी सांगितलं की तो तुझा विरोध राहत नाही, खोलीतली माहिती होते. आणि नुसतं अडवून ठेवू नकोस. जो माल दाबूचा नाही, नुसत्या ठशाचा आहे, तो दहाला जाईल, दाबू मागून, असं काही तरी समोर ठेव. सरांना ग्राहकाला सांगायला वाक्य हवं असतं.

पुतणी: आणि तरी ते म्हणाले, दहा म्हणजे दहा?

काका: मग दहा. तुझं बोलून झालं. दुसऱ्या दिवसापासून तू सगळ्यात आधी शेडमध्ये, पंखे कुठून मिळतात ते बघायला. पात्रांचं मत एकटं पडलं म्हणून त्यांनी समितीचा निर्णय अडवून धरला नाही.

पुतणी: पण एक गोष्ट मी मागणारच. मिटिंग संपताना म्हणणार, दाबूत खोट निघाली तर कपात उस्तादांच्या बिलातून होणार नाही, हे आत्ताच ठरवूया.

काका: हे सर मानणार नाहीत.

पुतणी: न मानू देत. पण सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागेल.

काकाला हे रुचलेलं दिसलं नाही. तो म्हणाला, यात आदर कुठे राहिला, हे तर त्यांना कोपऱ्यात गाठणं झालं. माझं मत वेगळं पडलं. तारखेचा निर्णय सरांचा आहे, तो त्यांनी घ्यावा. त्या निर्णयाचं बिल कोणी भरायचं, हा मात्र खोलीतल्या प्रत्येकाचा प्रश्न आहे आणि तो बंद दाराआड सुटला तर नेहमी एकाच दिशेनं सुटतो. आमचं दोघांचं यावर एकमत झालं नाही. पुतणीनं तोवर फोन हातात घेतला होता आणि सरांना लिहायचा मेसेज दुसऱ्यांदा टाइप करत होती. पहिल्या वेळी तिनं शेवटी ‘सॉरी टू डिस्टर्ब’ लिहिलं होतं. ते तिनं काढून टाकलं.