साठ हजारांचा हिशोब

मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठिबक सिंचन योजनेची सूचना लागली होती. ‘अल्पभूधारकांस ८० टक्के अनुदान’ ही ओळ वाचून आबांनी मुलाला विचारलं, “ऐंशी टक्के म्हणजे शंभरातले ऐंशी सरकार देणार, मी वीस द्यायचे. बरोबर ना?”

“पूर्ण बरोबर नाही, आबा. आपली केळी दोन एकर. समजा दुकानदारानं नळ्या, फिल्टर, बसवणूक धरून नव्वद हजारांचं कोटेशन दिलं. पण एवढ्या क्षेत्राला एवढ्या अंतरावर नळ्या टाकायला किती खर्च यावा, याचा सरकारनं आपला एक मापदंड ठरवलाय. तो समजा पंचाहत्तर हजार निघाला. तर ऐंशी टक्के त्या पंचाहत्तरवर मिळतात, नव्वदवर नाही.”

“म्हणजे साठ हजार.”

“हो. आणि आपल्या खिशातून तीस. अठरा नाही.”

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तीस हजार जमवू कसेबसे. साठ दुकानदाराला सरकार परस्पर देईल ना?”

इथे मुलाला सगळ्यात अवघड गोष्ट सांगावी लागली. आधी महाडीबीटीवर अर्ज. मग पूर्वसंमती. ती आल्यावर खरेदी आणि बिल. नंतर कृषी विभागाचा माणूस शेतात येऊन संच पाहणार, आणि त्यानंतर आधार जोडलेल्या खात्यात पैसे. तोवर पूर्ण नव्वद हजार आपले, नाहीतर दुकानदाराची उधारी.

“मग हे कर्जासारखंच झालं.”

“कर्ज फेडावं लागतं, आबा. हे फेडायचं नाही. आपण केलेल्या खर्चातला एक हिस्सा सरकार उचलतं, पण आपण खर्च केल्यावर. ऐंशीतले पंचावन्न टक्के ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून येतात, वरचे पंचवीस राज्याच्या पूरक योजनेतून. पाच एकरांपेक्षा जास्त जमीन असली तर एकूण पंचाहत्तर टक्के.”

“आपल्याला असं कधी मिळालंय का?”

“दर हंगामात मिळतं. युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी आपण २६६ रुपये ५० पैशांना आणतो. ती तयार करायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो. फरक सरकार कंपनीला देतं. दुकानात त्या यंत्रावर तुमचा अंगठा घेतात ना, तो त्यासाठी. गोणी शेतकऱ्याला विकल्याची नोंद झाली की कंपनीचा पैसा सुटतो.”

“म्हणजे खताचे पैसे मागं राहतात ते कंपनीचे, आणि ठिबकचे राहतात ते माझे.”

आबांचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. दोन्हीकडे पैसा सरकारचाच आहे. खतात वाट पाहण्याचा भार कंपनी सोसते, ठिबकमध्ये तो दोन एकरवाला सोसतो. ज्याच्याजवळ आधी नव्वद हजार आहेत त्याला साठ परत मिळतात. ज्याच्याजवळ नाहीत तो पात्र असूनही फळ्यापुढून माघारी फिरतो, किंवा उधारी घेतो आणि साठ हजारांतले काही व्याजात घालवतो. टक्का वाढवल्यानं ही अडचण सुटत नाही. पैसा किती दिवसांत खात्यात येतो, यावर ती अवलंबून आहे.

आणि केळी थांबत नाही. मृगबागेची लागवड जून-जुलैत उरकावी लागते. पूर्वसंमती लांबली की शेतकऱ्याचा धीर सुटतो. कंद लावलेत, पाणी तर द्यायलाच हवं, म्हणून तो नळ्या आणून टाकतो. संमती नंतर येते, पण बिलावरची तारीख तिच्या आधीची असते आणि प्रस्ताव तिथेच बाद होतो. संच खरा, बाग खरी, पाणीही खरंच वाचलेलं, तरी पैसे नाहीत. नियमाला कारण आहे. नाहीतर जुन्या संचावर नवं बिल दाखवलं जाईल. म्हणून तर एकाच क्षेत्रावर सात वर्षांत पुन्हा लाभ देत नाहीत. पण मग संमती लागवडीच्या आधी हातात पडेल, एवढी जबाबदारी नियम करणाऱ्यांनीही घ्यायला हवी.

आबांनी शेवटी ठरवलं ते असं : अर्ज आत्ताच करायचा, आणि संमती जूनपर्यंत आली नाही तर ठिबक कांदेबागेला, ऑक्टोबरच्या लागवडीला करायचं. तोवर पैसेही जमतील. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

सूचना लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना एक विनंती. ‘८० टक्के’ जेवढ्या मोठ्या अक्षरात छापता, तेवढ्याच मोठ्या अक्षरात खाली दोन ओळी छापा : अनुदान मापदंडावर आहे, बिलावर नाही, आणि पूर्वसंमतीच्या तारखेआधी खरेदी करू नका.